विश्लेषण : शिक्षा संपली, मग सुटका नेमकी कधी? हातात किती पैसे पडतात आणि पुढे काय?

शिक्षा पूर्ण झालेल्या एकाही कैद्याला तुरुंगात ठेवता येणार नाही, देशभरात असे कोणी अडकले आहे का याची तपासणी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. नितीश कटारा हत्या प्रकरणातील एका दोषीने ठरवून दिलेली २० वर्षे पूर्ण केली होती, तरी त्याला सोडले गेले नव्हते. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेशातील एका प्रकरणात न्यायालयाने २५ लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. तिथे उच्च न्यायालयाने २००७ मध्ये जन्मठेप कमी करून सात वर्षांची केली होती, पण तो कैदी बाहेर आला २०२५ मध्ये. मधल्या काळात तो काही वर्षे जामिनावर होता, तो काळ वगळूनही साडेचार वर्षांहून अधिक कैद जास्तीची ठरली. या दोन्ही प्रकरणांत वाद गुन्ह्याचा नव्हता, तारखेचा आणि कागदाचा होता. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील कैद्याच्या बाबतीत ही तारीख कशी ठरते, गेटवर काय होते, तुरुंगात कमावलेल्या पैशाचे काय होते आणि बाहेर आल्यावर कोणत्या कार्यालयाची पायरी चढायची, हे समजून घेऊ.

सुटकेची तारीख कोण आणि कशी ठरवते?

न्यायालय शिक्षा ठोठावते, पण सुटकेची तारीख सांगत नाही. ती कारागृहाच्या कार्यालयात, न्यायालयाकडून आलेल्या शिक्षेच्या वॉरंटवरून काढली जाते. यवतमाळ येथे जिल्हा कारागृह आहे, परंतु लांब मुदतीच्या शिक्षेचे कैदी साधारणपणे अमरावती किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात पाठवले जातात. त्यामुळे न्यायालय एका जिल्ह्यात आणि कैदी दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती असते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. झरी जामणी तालुक्यातील एका शेतमजुराला बांधावरच्या भांडणातून झालेल्या गुन्ह्यात १२ मार्च २०२० रोजी अटक झाली. त्याला जामीन मिळाला नाही. बरोबर दोन वर्षांनी, १२ मार्च २०२२ रोजी, पांढरकवड्याच्या सत्र न्यायालयाने सात वर्षे सक्तमजुरी आणि दहा हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने साधी कैद, अशी शिक्षा दिली. निकालाच्या दिवसापासून सात वर्षे मोजली तर शिक्षा ११ मार्च २०२९ रोजी संपते. मात्र खटला चालू असताना भोगलेली कैद शिक्षेतून वजा होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये ही तरतूद होती, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्ये आहे. कारागृहाच्या भाषेत याला ‘सेट ऑफ’ म्हणतात. दोन वर्षे वजा झाली की तारीख ११ मार्च २०२७ वर येते.

मग माफी. चांगली वर्तणूक आणि नेमून दिलेले काम यांसाठी दर महिन्याला काही दिवसांची माफी जमा होते. शिस्तभंग झाला तर ती कापलीही जाते. आपल्या उदाहरणातील मजुराच्या खात्यावर चार वर्षांत एकूण एक वर्षाची माफी जमली असे धरू. तारीख ११ मार्च २०२६ झाली. पण आईच्या आजारपणात तो ३० दिवस अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर, घरी गेला होता. महाराष्ट्राच्या नियमांनुसार संचित रजेचे म्हणजे फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. ते ३० दिवस परत जोडले गेले. अखेर तारीख ठरली १० एप्रिल २०२६. घरच्यांना बहुधा हाच हिशेब कळत नाही. ‘सात वर्षांपैकी इतकी झाली’ असे ते बोटांवर मोजतात आणि चुकीच्या दिवशी गेटवर येऊन बसतात.

जन्मठेपेचा हिशेब या बेरीज-वजाबाकीत बसत नाही. खून किंवा त्यासारख्या गुन्ह्यात, ज्याची शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकते, जन्मठेप झालेल्याला किमान १४ वर्षे प्रत्यक्ष कैद भोगावीच लागते. त्यानंतरही सुटका आपोआप होत नाही. शासन गुन्ह्याच्या स्वरूपानुसार प्रवर्ग ठरवते आणि स्वतंत्र आदेश काढते. तो आदेश येईपर्यंत कैद्याकडे तारीखच नसते.

चूक कुठे होते आणि ती कशी ओळखायची?

चूक तीन ठिकाणी होते. पहिली म्हणजे सेट ऑफ. निकालपत्रात ‘कच्च्या कैदेचा काळ वजा करावा’ असे लिहिलेले असते, पण वॉरंटवर अटकेची तारीख चुकीची पडते किंवा मधल्या जामिनाचा काळ नीट नोंदला जात नाही. दुसरी म्हणजे एकाहून अधिक कलमांखालच्या शिक्षा. त्या एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ, हे वॉरंटवर स्पष्ट नसेल तर तीन आणि चार वर्षांची शिक्षा चारही होऊ शकते आणि सातही. तिसरी म्हणजे अपील. उच्च न्यायालयाने शिक्षा कमी केली, तरी तो आदेश सत्र न्यायालयामार्गे सुधारित वॉरंट होऊन कारागृहात पोहोचायला हवा. मध्य प्रदेशातील प्रकरण या तिसऱ्या टप्प्याकडेच बोट दाखवते.

उपाय साधा आहे, फक्त वेळेवर करायला हवा. कैद्याने कार्यालयाकडून आपली संभाव्य सुटकेची तारीख, जमा माफी आणि वजा झालेले दिवस विचारून घ्यावेत आणि निकालाच्या प्रतीशी ताडून पाहावेत. दोन्हींत फरक दिसला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहात भेटीला येतात त्यांच्याकडे अर्ज द्यावा. नातेवाईकांसाठी १५१०० हा विधी साहाय्याचा क्रमांक आहे. सुटकेच्या आदल्या आठवड्यात हे सुरू केले तर उपयोग नाही. अमरावतीतून पांढरकवड्याला पत्र, तिथून उत्तर, यात आठवडे जातात.

दंड भरला नाही तर?

आपल्या मजुराची मूळ शिक्षा १० एप्रिलला संपते, पण दहा हजार रुपये भरलेले नाहीत. मग तो त्या दिवशी गेटबाहेर येत नाही. सहा महिन्यांची साधी कैद सुरू होते आणि तो ऑक्टोबरपर्यंत आत राहतो. गरीब कैद्याच्या सुटकेतला हा सर्वांत मोठा अडसर. गंमत म्हणजे (तिला गंमत म्हणवत नाही) दहा हजार रुपयांचे सहा महिने, म्हणजे दिवसाला सुमारे ५५ रुपये. तुरुंगात अकुशल कामाची रोजची मजुरी ५३ रुपये आहे. शिवाय साध्या कैदेत काम सक्तीचे नसल्याने या सहा महिन्यांत हमखास कमाईही नाही.

इथे दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. एक, दंड भरण्याचा मार्ग ही मुदत सुरू झाल्यावरही बंद होत नाही. पूर्ण दंड भरला की कैद तिथेच संपते. काही भाग भरला तर त्या प्रमाणात कमी होते. आपल्या मजुराच्या भावाने पहिल्याच दिवशी सहा हजार भरले, तर न भरलेले चार हजार म्हणजे दंडाचा दोन पंचमांश भाग उरतो. मग सहा महिन्यांचा दोन पंचमांश, म्हणजे सुमारे ७३ दिवस, भोगले की तो सुटतो. दंड शिक्षा देणाऱ्या न्यायालयात भरायचा असतो आणि त्याची पावती कारागृहात पोहोचावी लागते. पैसे भरूनही माणूस सुटला नाही, अशी तक्रार येते तेव्हा बहुधा पावती वाटेत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे केंद्र सरकारची २०२३ पासूनची गरीब कैद्यांसाठीची साहाय्य योजना. दंडाअभावी अडकलेल्या दोषीसाठी जिल्हा समिती २५ हजार रुपयांपर्यंतचा दंड मंजूर करू शकते, असे मूळ मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. समितीत जिल्हाधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि कारागृहाचे प्रभारी न्यायाधीश असतात. अशा कैद्याची माहिती सात दिवसांत प्राधिकरणाला देण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. भ्रष्टाचार, काळा पैसा, अमली पदार्थ आणि दहशतवादविरोधी कायद्यांखालील कैद्यांना योजना लागू नाही. आपल्या मजुराला ती पूर्णपणे लागू पडते. मात्र कैद्याने आणि घरच्यांनी स्वतः विचारणा केली तर कागद लवकर हलतो, हे उघड आहे.

सुटकेच्या दिवशी गेटवर काय होते?

सुटका साधारणपणे सकाळी, बराकी उघडून मोजणी झाल्यावर होते. तारीख रविवारी किंवा सुटीच्या दिवशी आली तर कैद्याला आदल्या दिवशी सोडण्याची पद्धत आहे. नाव पुकारले की कैदी आपले अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी आणि तुरुंगाचे कपडे जमा करतो. कार्यालयात त्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव, अंगावरच्या खुणा आणि छायाचित्र नोंदवहीशी पडताळले जाते. दाखल होताना घेतलेल्या खुणा याच क्षणासाठी असतात, कारण सारख्या नावाचा भलताच माणूस सुटल्याचे प्रकार ठिकठिकाणी झालेले आहेत. वैद्यकीय अधिकारी प्रकृती पाहतात आणि वजन नोंदवतात. क्षयरोग, एचआयव्ही किंवा मानसिक आजारावरची औषधे चालू असतील तर इथे औषधांची चिठ्ठी मागून घ्यायलाच हवी. नाही तर झरीच्या आरोग्य केंद्रात उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

मग जप्त न झालेली खासगी मालमत्ता परत मिळते. अटकेच्या वेळचे कपडे, घड्याळ, पाकीट, अंगठी. नोंदवहीत सही किंवा अंगठा देण्याआधी यादी वाचून घ्यावी. पोलिसांनी खटल्यात मुद्देमाल म्हणून घेतलेल्या वस्तू मात्र इथे नसतात, त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. अनेकांचा मोबाइल असाच न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत पडून असतो. त्यानंतर खात्यावरची रक्कम, गावापर्यंतचे प्रवासभाडे, वाटखर्च आणि सुटकेचा दाखला. हा दाखला जपून ठेवण्याचा कागद आहे. तो हरवला तर पुढे प्रत्येक कार्यालयात ‘पळून आला का?’ या नजरेला उत्तर द्यावे लागते. वॉरंटवर शिक्षा पूर्ण झाल्याचा शेरा मारून ते संबंधित न्यायालयाकडे परत पाठवणे, हे कारागृहाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

सगळे झाल्यावरही एक धोका उरतो. दुसऱ्या एखाद्या खटल्यातील वॉरंट कारागृहात आलेले असेल तर माणूस सुटत नाही, त्याचा ताबा दुसऱ्या ठाण्याकडे जातो. जुना, विसरलेला, दारूबंदी किंवा जुगाराचा खटलाही त्याला पुरतो. म्हणून सुटकेच्या महिनाभर आधी घरच्यांनी तालुका न्यायालयात आपल्या माणसावर आणखी काही प्रलंबित आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे.

तुरुंगातल्या कमाईचा हिशेब कसा असतो?

सक्तमजुरी म्हणजे फुकट मजुरी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात कैद्यांना रास्त मोबदला द्यायला सांगितले. त्यातून त्यांच्या जेवण-कपड्यांचा खर्च वजा करण्याची आणि काही हिस्सा पीडितांसाठी राखण्याची मुभाही दिली. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून रोजचे दर कुशल कामासाठी ७४ रुपये, अर्धकुशलसाठी ६७, अकुशलसाठी ५३ आणि खुल्या वसाहतीत ९४ रुपये असे झाले. त्याआधी अकुशल कामाला ४८ रुपये मिळत.

आपल्या मजुराने पहिल्या दीड वर्षात ३५० दिवस अकुशल काम केले. ४८ रुपयांनी १६,८०० झाले. मग सुतारकामाच्या विभागात अर्धकुशल म्हणून ६५० दिवस, ६७ रुपयांनी ४३,५५०. एकूण ६०,३५० रुपये. त्यातून साबण, तेल, चहा, बिडी, बिस्कीट यांसाठी कॅन्टीनमध्ये महिन्याला सरासरी ६०० रुपये धरले तर चार वर्षांत २८,८०० गेले. मुलीच्या शाळेसाठी त्याने १५ हजार घरी पाठवले. उरले १६,५५०. दंड यातूनच भरला तर हातात ६,५५० रुपये राहतात. सहा वर्षे घराबाहेर काढलेल्या माणसाची ही गाठ. यात पहिल्या दोन वर्षांची कमाई शून्य आहे, कारण कच्च्या कैद्याला सक्तीचे काम नसते आणि मजुरीही नसते.

अभिनेता संजय दत्त २५ फेब्रुवारी २०१६ रोजी येरवड्यातून सुटला, तेव्हा कागदी पिशव्या बनवून मिळवलेल्या त्याच्या मजुरीतले सगळे खर्च वजा जाता जेमतेम चार-साडेचारशे रुपये उरल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. त्याच्या बाबतीत तो किस्सा ठरला. झरीच्या मजुरासाठी तेवढेच भांडवल असते.

हिशेबातली गोची कामाच्या दिवसांत असते. काम सर्वांना मिळत नाही. मध्यवर्ती कारागृहात सुतारकाम, विणकाम, शिलाई, शेती असे विभाग आहेत, जिल्हा कारागृहात फारसे नाहीत. त्यामुळे कमाई कैद्याच्या मेहनतीइतकीच तो कुठे ठेवला गेला यावर ठरते. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला अमरावती जिल्ह्यातच मोर्शी येथील खुल्या कारागृहात जाण्याची संधी असते. तिथे मजुरीही जास्त आणि माफीही जास्त. राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना सुरू केली. त्यात कैद्याला आतल्या मजुरीच्या भरवशावर ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. कल्पना चांगली आहे, पण ज्याला आत रोज कामच नाही, त्याला भरवसा कशाचा दाखवणार?

बाहेर आल्यावर आधार कोणाचा?

अमरावतीच्या गेटपासून झरीपर्यंतचा प्रवास एसटीनेच करावा लागतो. यवतमाळ, पांढरकवडा, मग पुढे, आणि घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळ. पहिला आठवडा कागदांचा असतो. दोन वर्षे व्यवहार न झालेले बँक खाते निष्क्रिय होते. आधार आणि छायाचित्र देऊन ते पुन्हा सुरू करता येते आणि त्याला शुल्क लागत नाही. शिधापत्रिकेवर नाव आहे का, ई-केवायसी राहून गेली आहे का, हे तहसीलच्या पुरवठा शाखेत पाहावे लागते. मतदार यादीत नाव आहे का तेही पाहावे. कैदेत असताना मतदान करता येत नाही, पण सुटका झाली की तो हक्क परत मिळतो. रोजगार हमीचे जॉबकार्ड ग्रामपंचायतीत काढता येते आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागत नाही. पहिल्या महिन्यातला हाच सर्वांत खात्रीचा मार्ग, कारण सुरक्षारक्षक, चालक किंवा कंपनीतील नोकरी पडताळणीपाशी अडते.

सरकारी व्यवस्थेत ज्याचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते तो माणूस म्हणजे जिल्हा परिविक्षा अधिकारी. तो महिला व बालविकास विभागाचा असतो. मुक्त कैद्यांना छोट्या व्यवसायासाठी अनुदान देण्याची या विभागाची योजना आहे. जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना हीसुद्धा याच कामासाठी असते. अर्जासोबत सुटकेचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि काय करणार याचा साधा खर्च जोडावा. सुतारकाम शिकलेल्याने रंधा, करवत, ड्रिल यांचे दरपत्रक लावले तर अर्जाला वजन येते. ‘व्यवसायासाठी मदत मिळावी’ एवढेच लिहिलेले अर्ज पडून राहतात. स्वयंसेवी पातळीवर अमरावतीची ‘वऱ्हाड’ संस्था विदर्भात कैद्यांच्या कुटुंबांसोबत काम करते आणि ‘टिस’चा ‘प्रयास’ प्रकल्प मुंबई-ठाणे भागात १९९० पासून आहे. यवतमाळच्या सोळा तालुक्यांच्या पसाऱ्याला हे पुरे पडणारे नाही.

दुसरा अडथळा नोंदीचा. यवतमाळमध्ये पारधी बेडे मोठ्या संख्येने आहेत. १९५२ मध्ये ‘गुन्हेगार जमाती’ हा कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून संशय टिकून राहिला. एकदा शिक्षा भोगलेल्या पारध्याला परिसरातील पुढच्या चोरीत पहिल्यांदा उचलले जाणे, ही त्या वस्तीची जुनी तक्रार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कारागृहांतील जातिभेदाच्या प्रकरणात कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितला आणि ‘सराईत’ या शब्दाचा वापर कायद्यातील व्याख्येपुरताच ठेवायला सांगितले. ठाण्याच्या पातळीवर त्याचा फरक पडायचा तर सुटलेल्या माणसाकडे रोज सकाळी जायला एखादे काम असावे लागते आणि हजेरीपटावर त्याची सही असावी लागते.

आणि बांध तोच असतो. ज्या कुटुंबाशी भांडण झाले ते शेजारीच राहते. सुटकेची खबर पोलीस ठाण्याला दिली जाते, पण समोरच्या कुटुंबाशी कोण बोलणार, हे कोणत्याही अर्जात विचारलेले नसते. अनेक जण पहिले काही महिने बहिणीच्या गावी किंवा पुसद-वणीकडे मजुरीला जातात. ज्यांना तसे करायचे आहे त्यांनी सुटकेच्या वेळी तोच पत्ता नोंदवावा. प्रवासभाडे त्याच पत्त्यापर्यंतचे मिळते आणि पुढे ठाण्यातून विचारणा झालीच, तर पत्ता लपवला असा आरोप येत नाही.